गिऱ्हाईकाची शिवी कोणी खायची?

खारदांड्यात कोळीवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर शिवणकामाचे एक दुकान आहे. बाहेर काउंटर, मागे चार मशिनी, वर पोटमाळ्यावर काज-बटण आणि तुरपाईचे काम. गेल्या लग्नसराईत मी माझा कुर्ता घ्यायला तिथे बसलो होतो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले. आपल्याच समाजातले, सुखवस्तू गृहस्थ. मुलाच्या निकाहसाठी शेरवानी शिवायला टाकली होती. कापड त्यांचे, शिलाई 4,500 रुपये, त्यांपैकी 2,000 आगाऊ दिलेले. शेरवानी घालून पाहिली तर उजवी बाही साधारण एक इंच आखूड निघाली. शिवाय ती ठरलेल्या शुक्रवारी न मिळता सोमवारी मिळाली होती.

गृहस्थ संतापले. संतापणे रास्त होते. दोन दिवसांवर निकाह आलेला. पण बाहीवरून बोलणे दोन मिनिटांत संपले आणि काउंटरवरच्या मुलाची लायकी, त्याचे गाव, त्याची आई यांवर ते घसरले. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. त्याने फक्त एवढेच म्हटले, "चाचा, बाहीचं सांगा, आईचं नको." हे ऐकताच काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आला. मला वाटले, आता तो मध्ये पडेल. तो पडलाही, पण मुलाच्या अंगावर. "गिऱ्हाईकाला उलट बोलतोस? आधी माफी माग!" मुलाने माफी मागितली. गृहस्थांना 500 रुपयांची सूट मिळाली. मागे कारागिराने बाही उसवली, शिवणीतली माया सोडली आणि दीड तासात शेरवानी ठीक झाली.

दहा दिवसांनी तो मुलगा काम सोडून गेला. मापवही त्याच्याच अक्षरात होती. कोणते पार्सल कोणत्या फळीवर आहे, कोणाला ढगळ आवडते आणि कोणाला अंगासरशी, हे त्यालाच ठाऊक होते. पुढच्या आठवड्यात तिथे तीन गिऱ्हाइकांचे कपडे अदलाबदल झाले. मॅनेजर आजही म्हणतो की मुलगा तापट होता.

माझे मत असे की त्या दिवशी सगळ्यात मोठी चूक मॅनेजरची झाली. "काही झाले तरी गोड बोला" हा हुकूम ऐकायला चांगला वाटतो, पण त्याचा खरा अर्थ असा की दुकानातल्या प्रत्येक चुकीची किंमत सर्वांत कमी पगाराच्या माणसाने आपल्या अब्रूने चुकवायची. शुक्रवारची तारीख मॅनेजरने लिहून दिली होती. मागे सहा शेरवान्या आधीच रांगेत आहेत हे त्याला माहीत होते. ट्रायलला गिऱ्हाईक आले नाही, तेव्हा फोन करून बोलावण्याचे काम त्याचे होते. ट्रायल झाली असती तर बाही तिथेच कळली असती. वायदा मॅनेजरने केला आणि शिवी मुलाने खाल्ली. अशा ठिकाणी सभ्यतेचा हुकूम म्हणजे स्वतःची चूक झाकण्याचा पडदा होऊन बसतो.

आपल्या बाजारात "ग्राहक हा देव आहे" अशी पाटी जागोजागी दिसते. इंग्रजी मुलखात "ग्राहक नेहमी बरोबर असतो" अशी म्हण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातले शिकागोचे मार्शल फील्ड आणि लंडनचे सेल्फ्रिज या मोठ्या दुकानदारांच्या नावाशी ती जोडली जाते. त्या काळी माल घेताना डोळे उघडे ठेवायचे, नंतर तक्रार चालणार नाही, असा बाजाराचा सर्वसाधारण रिवाज होता. या दुकानदारांनी तो उलटा केला: गिऱ्हाईक म्हणते माल खराब आहे, तर वाद न घालता परत घ्या. म्हणजे ती म्हण मालाच्या बाबतीत होती. गिऱ्हाइकाने नोकराच्या आईचा उद्धार केला तरी ते बरोबरच, असा तिचा अर्थ नव्हता. आपण मालाचा नियम माणसाला लावला, तिथे घोटाळा झाला.

या घोटाळ्यातून बाहेर कसे पडायचे, याचा एक मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्राशी निगडित आहे. 23 मार्च 2017 रोजी उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड एअर इंडियाच्या विमानाने पुण्याहून दिल्लीला गेले. त्यांचे तिकीट बिझनेस क्लासचे होते, पण त्या विमानात तो वर्गच नव्हता. तक्रार करायला जागा होती. परंतु दिल्लीला उतरण्यावरून वाद झाला आणि त्यांनी विमान कंपनीच्या साठ वर्षांच्या अधिकाऱ्याला चपलेने मारले. तसे त्यांनी स्वतःच वृत्तवाहिन्यांना सांगितले. एअर इंडियाने आणि पाठोपाठ इतर प्रमुख कंपन्यांनी त्यांना विमानात घेणे बंद केले. गायकवाड यांनी मंत्र्यांना पत्र लिहून खेद व्यक्त केल्यानंतर 7 एप्रिलला ती बंदी उठली.

इथवरची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. आपल्या कामाची गोष्ट त्यानंतरची आहे. सप्टेंबर 2017 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बेशिस्त प्रवाशांसाठी नियम काढले आणि वागणुकीच्या तीन पायऱ्या केल्या. तोंडाने त्रास देणे आणि वाईट हावभाव ही पहिली पायरी. तिला तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी. अंगावर हात टाकणे ही दुसरी, सहा महिन्यांपर्यंत. जिवाला धोका होईल असे वागणे ही तिसरी. कमीत कमी दोन वर्षे. आणि हा निकाल ज्याला शिवी बसली त्याने द्यायचा नाही, त्याच्या मॅनेजरनेही नाही. निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीने 30 दिवसांत द्यायचा. त्यावर प्रवाशाला अपीलही ठेवले.

या नियमात तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. शिवी ही पहिली पायरी मानली, म्हणजे "फक्त बोललाच ना" असे म्हणून ती सोडून दिली नाही. पायऱ्या आधीच लिहून ठेवल्या, त्यामुळे आयत्या वेळी कोणाच्या रागावर काही सोपवले नाही. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावरून निर्णयाचे ओझे काढून वर नेले. आपल्या दुकानात न्यायाधीशांची समिती बसणार नाही हे उघड आहे. पण तीन पायऱ्या एका कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवायला काय लागते?

त्या शेरवानीच्या दिवशी हा कागद तिथे असता तर काय झाले असते, ते आता पाहू.

पहिली पायरी म्हणजे आवाज चढलेला आहे, पण बोलणे मालाबद्दल आहे. "ही काय शिलाई आहे? पैसे घ्यायला बरे येते!" ही शिवी नव्हे, तक्रार आहे. इथे मुलाने नरमच राहायचे आणि वस्तूकडे वळायचे: "चाचा, पावती द्या, मापवही काढतो." वहीतले माप आणि बाहीचे माप टेप लावून गिऱ्हाइकासमोर बघायचे. वहीत 25 असेल आणि बाही 24 भरली, तर चूक आपली. "चूक आमची आहे, आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करतो" असे साफ म्हणायचे. निम्मी भांडणे इथेच मिटतात. या पायरीवर मुलगा चिडत असेल तर त्याला शिकवणे जरूर आहे. तिथे मॅनेजरचा सभ्यतेचा आग्रह शंभर टक्के बरोबर आहे.

दुसरी पायरी म्हणजे बोलणे मालावरून माणसावर आले. आई-बहीण, जात, धर्म, गाव, गरिबी, यांपैकी काही निघाले. इथे मुलाने एकच वाक्य बोलायचे आणि ते आधीच पाठ करून ठेवायचे: "कामाबद्दल बोला, मी ऐकतो, शिवी नको. मॅनेजरना बोलावतो." असे म्हणून त्याने काउंटरवरून बाजूला व्हायचे. हे बाजूला होणे महत्त्वाचे आहे. ज्याला शिवी दिली तोच चेहरा समोर राहिला तर देणाऱ्याचा राग उतरत नाही आणि घेणाऱ्याचाही. मॅनेजरने केबिन सोडून पुढे यायचे, गिऱ्हाइकाला बसवायचे, आवाज खाली ठेवायचा आणि दोन गोष्टी वेगळ्या करायच्या: "बाही आम्ही दीड तासात ठीक करून देतो, उशीर झाला ही चूक माझी. पण माझ्या माणसाला शिवी देऊ नका." उशिराबद्दल सूट द्यायची असेल तर ती उशिराबद्दल म्हणून द्यावी आणि तसे पावतीवर लिहावे. त्या दिवशी 500 रुपये शिवीनंतर दिले गेले. गिऱ्हाइकाने त्यातून काय शिकावे? ओरडले की पैसे सुटतात, हेच.

तिसरी पायरी म्हणजे हात उचलला, धमकी दिली, बाईमाणसाची छेड काढली किंवा सांगूनही शिवीगाळ थांबली नाही. इथे सौदा संपला. पण सौदा संपवतानाही हिशोब स्वच्छ हवा. शिवणाऱ्याकडे गिऱ्हाइकाचे कापड असते आणि रागाच्या भरात "जा, देत नाही" म्हणणारे कारागीर मी पाहिले आहेत. ते चुकीचे आहे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 170 नुसार, ज्याने वस्तूवर मेहनत केली त्याला ठरलेली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. हा हक्क मजुरीपुरता आहे, अपमानाच्या भरपाईसाठी नाही. आणि मजुरी उधारीवर ठरली असेल तर तोही हक्क राहत नाही; कायद्यात त्यासाठी शिंप्याचेच उदाहरण दिले आहे. म्हणून शेरवानी तयार असेल तर उरलेले 2,500 घेऊन द्यावी. अर्धवट असेल तर कापड आणि वाजवी हिशोबाने आगाऊ रक्कम परत करावी, सही घ्यावी आणि पुढचे काम नाकारावे. तयार माल विकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. शिवी देणाऱ्याचाही सदोष माल परत घ्यावाच लागतो.

तिसऱ्या पायरीवर पोलिसांचा विषय येतो. आपले बांधव ठाण्याची पायरी चढायला कचरतात, आणि ते मी समजू शकतो. पण काय होते ते माहीत असावे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. भांडण पेटावे म्हणून मुद्दाम केलेला अपमान कलम 352 मध्ये येतो, धमकी 351 मध्ये. नुसत्या अपमानाच्या तक्रारीवर पोलीस एनसी नोंदवतात. दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ते तपास करू शकत नाहीत. म्हणून लगेच अटक होईल अशी आशा धरू नये. तरीही एनसीचा उपयोग असतो: तोच माणूस पुन्हा आला तर आधीची नोंद हाताशी राहते. स्त्रीच्या लज्जेचा अपमान करणारे शब्द किंवा हावभाव मात्र कलम 79 खाली येतात, तिथे पोलीस सरळ गुन्हा नोंदवू शकतात. हाणामारीची वेळ आली तर 112 लावावा. कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून त्याची प्रत त्याच संध्याकाळी काढून ठेवावी.

धर्मावरून अपमान झाला तर रक्त लवकर तापते. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, मीरा रोडला किराणा पोचवणाऱ्या एका मुस्लिम तरुणाकडून, त्याचे नाव कळल्यावर, गिऱ्हाइकाने सामान घेण्यास नकार दिला. तरुणाने उलट शिवी दिली नाही. त्याने मोबाईलवर चित्रण केले आणि काशीमिरा पोलिसांकडे तक्रार केली. पोलिसांनी त्या वेळच्या दंड संहितेच्या कलम 295-अ खाली गुन्हा नोंदवून त्या माणसाला अटक केली. त्या तरुणाने एक उलट शब्द टाकला असता तर प्रकरण "दोघांचे भांडण" म्हणून मिटवले गेले असते. मुलाने दुसऱ्या पायरीवर एकच वाक्य बोलून बाजूला व्हावे, असे मी म्हणतो त्याचे हेच कारण आहे. ते वाक्य त्याची अब्रूही राखते आणि त्याची बाजूही.

ज्यांच्या दुकानात मुली काम करतात, त्यांच्यावर तर कायद्यानेच जबाबदारी टाकली आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा फक्त मालक आणि सहकाऱ्यांपुरता नाही. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता देणे हे त्यातील कलम 19 प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. गिऱ्हाईक हे असेच बाहेरचे माणूस. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. "नेहमीचे गिऱ्हाईक आहे, हसून सोड" असे मुलीला सांगणारा मॅनेजर आपल्या मालकालाच अडचणीत आणतो.

आता मॅनेजरची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणेल, भाडे मला भरायचे आहे; एक गिऱ्हाईक दुखावले तर सगळ्या इमारतीच्या व्हॉट्सअॅपवर आमचे नाव जाईल. ही भीती खोटी नाही. पण मी सांगितलेल्या रीतीत गिऱ्हाइकाला कोणी उद्धट बोलत नाही. सभ्यता तशीच राहते. फक्त शिवीला तोंड द्यायचे काम अनुभवी, जास्त पगाराच्या आणि सूट देण्याचा अधिकार असलेल्या माणसाकडे जाते. मुलाच्या हातात ना सूट होती, ना तारीख. त्याच्या हातात होती फक्त माफी, आणि तीही न केलेल्या चुकीची.

दुसरी शंका अशी की अशी सूट दिली तर मुले शेफारतील आणि प्रत्येक रागीट गिऱ्हाइकाला "शिवी दिली" म्हणून वर ढकलतील. त्याला उपाय वहीचा आहे. मापवहीच्या मागच्या पानांवर तारीख, पावतीचा नंबर, मूळ तक्रार काय, कोणते शब्द वापरले आणि शेवट काय झाला, एवढ्या पाच गोष्टी त्याच दिवशी लिहाव्यात. तीन महिन्यांनी ते पान वाचावे. वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची भांडणे एकाच मुलाशी होत असतील तर दोष मुलात आहे, त्याला समजवा किंवा मागच्या कामावर लावा. एकच गिऱ्हाईक वेगवेगळ्या मुलांशी भांडत असेल तर त्याचे काम घेणे थांबवा. आणि बहुतेक भांडणांच्या मुळाशी "शुक्रवारी देतो म्हणाले होते" असेच असेल, तर दोष तारीख देणाऱ्यात आहे. माझा अंदाज असा की पुष्कळ दुकानांत हे तिसरेच निघेल.

काही दुकानांत गिऱ्हाइकाशी वाद झाला म्हणून मुलाचा पगार कापतात. ते मन मानेल तसे करता येत नाही. पूर्वीच्या 1936 च्या वेतन कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही दंडाला मर्यादा आहे: मुलाला आधी आपली बाजू मांडू द्यावी लागते आणि दंड त्या पगाराच्या 3 टक्क्यांपलीकडे जात नाही. 12,000 पगारावर तो 360 रुपये होतो. शिवी खाल्ल्याबद्दल हजार रुपये कापणारा मालक कायद्याच्याही बाहेर गेला.

सौदा करताना नरमाई ठेवावी हे आपल्याला घरातूनच शिकवलेले असते, आणि ते सोडावे असे मी म्हणत नाही. पण नरमाई ही दुकानाने गिऱ्हाइकाला द्यायची गोष्ट आहे. ती एकट्या मुलाकडून वसूल करायची नाही. पुढच्या लग्नसराईच्या आधी मालकांनी एवढे करावे: तीन पायऱ्या कागदावर लिहाव्यात, मुलाला ते एक वाक्य पाठ करून द्यावे आणि मॅनेजरची खुर्ची काचेच्या केबिनमधून उचलून काउंटरजवळ ठेवावी. ज्याने तारीख दिली, तो तारखेच्या दिवशी समोर बसलेला असावा.